उंची कमी आहे की वेळ मागे आहे?

पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत एक ठरलेली तक्रार येते. मुलगा नववीत गेला, वर्गात सगळ्यात पुढच्या बाकावर बसतो, मित्रांना मिसरूड फुटली, याचा आवाजही अजून फुटलेला नाही. घरात यावर दोन मतं असतात. आजी म्हणते, "याचा बापही असाच होता, वाढेल की." काका म्हणतो, "आपल्या घराण्यातच उंची नाही, काय करणार." दोन्ही वाक्यं ऐकायला सारखीच धीर देणारी आहेत, पण त्यांचे अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत. आजीचं खरं असेल तर मुलगा उशिरा वाढेल आणि बहुतेक चारचौघांसारखा होईल. काकाचं खरं असेल तर मुलगा वेळेवर वाढतो आहे, पण ठेंगणाच राहणार आहे. कोणाचं खरं हे नुसत्या आजच्या उंचीवरून सांगता येत नाही. घरी मात्र निर्णय नेमका तेवढ्यावरच होतो, आणि मग कोणी उंची वाढवायच्या पावडरचा डबा आणतं, कोणी इंजेक्शनांची चौकशी करतं.

वैद्यकात या दोन प्रकारांना आनुवंशिक ठेंगणेपण आणि वाढीतला प्रकृतिजन्य उशीर म्हणतात. दोन्ही आजार नाहीत. निरोगी मुलांची उंची कमी असण्याची ही सगळ्यात नेहमीची दोन कारणं आहेत. त्यांतला फरक ओळखायला आधी कुठलंही महागडं मशीन लागत नाही. आई-वडिलांची उंची, मुलाच्या काही वर्षांच्या नोंदी आणि वयात येण्याची वेळ, एवढ्यावर बहुतेक काम होतं.

समजायला सोपं जावं म्हणून दोन मुलं कागदावर उभी करू. दोघंही बरोबर चौदा वर्षांचे. दोघांचीही उंची १४६ सेंटीमीटर. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते काढले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर या कामात अग्रभागी होते. त्या तक्त्यावर ही उंची तळाच्या रेषेच्या जवळपास पडते. वर्गाच्या फोटोत ही दोन मुलं जुळी वाटतील.

पहिल्याचे वडील १६० सेंटीमीटर, आई १४७. दुसऱ्याचे वडील १७४, आई १६०. आता ब्रिटिश तज्ज्ञ टॅनर यांच्या नावाने ओळखला जाणारा साधा हिशेब करू. मुलगा असेल तर आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करायची, तिच्यात १३ मिळवायचे आणि दोनने भागायचं. मुलगी असेल तर १३ वजा करायचे. पुरुष आणि स्त्रिया यांच्या सरासरी उंचीत साधारण एवढा फरक असतो, म्हणून हा आकडा. पहिल्या मुलाचा हिशेब १६० वर येतो, दुसऱ्याचा १७३.५ वर. ही भविष्यवाणी नाही. या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण आठ सेंटीमीटरचा पट्टा धरायचा असतो, आणि सख्खे भाऊ त्या पट्ट्यात कुठेही पडू शकतात. पण पहिल्या मुलाची रेषा तळाशी असणं घराण्याशी जुळतं, दुसऱ्याची जुळत नाही, एवढं त्यावरून कळतं.

इथे आपल्या पट्ट्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग तपासणारा माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पार्ट नाकारतो. गेज कॅलिब्रेट केलेला आहे ना, हे आधी बघतो. तोच माणूस स्वतःची उंची सांगताना "पाच सात असेल" म्हणतो आणि मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने, चप्पल न काढता, डोक्यावर पट्टी तिरकी धरून घेतो. हिशेबात चुकीचे आकडे घातले तर उत्तर चुकीचंच येणार. पुरुष स्वतःची उंची दोन-तीन सेंटीमीटर वाढवून सांगतात, हे डॉक्टरांना पाठ आहे. नवरे बायकोची उंचीही अंदाजानेच सांगतात. म्हणून दोघांनाही दवाखान्यात उभं करून मोजायला हवं. आई कामावर गेली म्हणून आली नसेल, तर पुढच्या वेळी तिला आणायलाच हवं, अंदाजाने काम भागत नाही.

घरी मोजायचं असेल तर पद्धत सोपी आहे. अनवाणी, टाचा, कुल्ले आणि खांद्यांची पाती सपाट भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक किंवा सुताराचा गुण्या भिंतीला काटकोनात टेकवायचा आणि खूण करायची. दर वेळी दिवसाची वेळ एकच ठेवायची, कारण सकाळची उंची संध्याकाळी जवळजवळ सेंटीमीटरभर कमी भरू शकते. आणि दोन मोजमापांत किमान सहा महिने जाऊ द्यायचे. निरोगी शाळकरी मूल वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वाढतं, म्हणजे तीन महिन्यांत सव्वा सेंटीमीटर. मोजण्यातली चूकच अर्धा-एक सेंटीमीटर असेल, तर तीन महिन्यांची वाढ त्या चुकीत बुडून जाते.

आता दुसरी गोष्ट, वर्षानुवर्षांच्या नोंदी. पहिला मुलगा पाचव्या वर्षी १०१, आठव्या वर्षी ११६, अकराव्या वर्षी १३० आणि चौदाव्या वर्षी १४६. तो पहिल्यापासून तळाच्या रेषेवर आहे आणि तिच्याशी समांतर चालला आहे. रेषा खालची आहे, पण चाल चुकलेली नाही. गेल्या वर्षात तो सात सेंटीमीटर वाढला, म्हणजे किशोरवयातली मोठी झेप त्याला मिळते आहे.

दुसरा पाचव्या वर्षी १०३, आठव्या वर्षी ११९, अकराव्या वर्षी १३४. अकराव्या वर्षी तो पहिल्यापेक्षा चार सेंटीमीटर उंच होता. तेव्हा कोणी काळजी केली नव्हती. त्यानंतर बाराव्या वर्षी १३८.५, तेराव्या वर्षी १४२.५ आणि चौदाव्या वर्षी १४६. म्हणजे दर वर्षी वेग थोडा थोडा कमी होत गेला, गेल्या वर्षी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. याच काळात बरोबरीची मुलं झेप घेत होती, म्हणून तक्त्यावर हा एकेक रेषा खाली घसरत गेलेला दिसतो. पालकांना वाटतं वाढ थांबली. प्रत्यक्षात इतर पुढे निघून गेले आणि हा अजून निघायचा आहे. वयात येण्याच्या अगदी आधी वाढीचा वेग सगळ्याच मुलांचा थोडा मंदावतो. ज्याला वयात यायला उशीर होतो, त्याच्यात हा मंद काळ लांबतो आणि जास्त उठून दिसतो.

तरी इथेच सगळ्यात मोठी चूक होऊ शकते. वेग वर्षाला चार सेंटीमीटरच्या खाली जाणं, रेषा ओलांडून खाली येणं, ही थायरॉइडची कमतरता, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, आतड्याचा गव्हाच्या प्रथिनाशी संबंधित आजार किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार यांचीही लक्षणं आहेत. म्हणून "उशिरा वाढेल" हे वाक्य दुसऱ्या मुलाला लगेच बहाल करता येत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन, लघवी आणि त्या आतड्याच्या आजाराची रक्तचाचणी, एवढं आधी बघावं लागतं. उंचीपेक्षा वजन जास्त मागे पडलं असेल तर पोट आणि आहाराकडे बघायचं. वजन भरपूर आणि उंची मात्र खुंटलेली असेल तर संप्रेरकांकडे.

तिसरी गोष्ट वयात येण्याची. ही विचारायला पालक लाजतात आणि तपासायला मुलं, पण निकाल बहुतेक इथेच लागतो. मुलगा वयात येऊ लागल्याची पहिली खूण मिशी किंवा आवाज नसते. वृषणांचा आकार वाढणं ही पहिली खूण असते. तो मोजायला डॉक्टरांकडे लंबगोल मण्यांची माळ असते, १ ते २५ मिलिलिटरपर्यंतचे क्रमाने मोठे होत जाणारे मणी, स्विस डॉक्टर प्राडर यांच्या नावाची. एका हाताने तपासायचं आणि दुसऱ्या हातातल्या मण्याशी ताडून बघायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. चार मिलिलिटरचा मणी म्हणजे सुरुवात. मुलांची सगळ्यात वेगवान वाढ त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारण दहा-बारा मिलिलिटरला येते. पहिल्या मुलाचा मणी बाराचा आहे. दुसऱ्याचा जेमतेम चारचा. चौदा वर्षं पूर्ण होऊनही चारचा मणी गाठलेला नसेल तर त्याला उशीर म्हणायचं. दुसरा मुलगा बरोबर त्या उंबरठ्यावर आहे.

मुलींमध्ये क्रम वेगळा असतो. वाढीची झेप लवकर, छातीच्या वाढीबरोबरच सुरू होते आणि पाळी यायच्या आतच वेग ओसरू लागतो. पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच-सहा सेंटीमीटर उरलेले असतात. त्यामुळे "पाळी आल्यावर उंच होईल" ही समजूत उलटी आहे. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नाही तर थांबून न बघता तपासायला हवं. आणि आई-वडिलांच्या मानाने बुटक्या असलेल्या मुलीत, ती कितीही निरोगी दिसली तरी, गुणसूत्रांची तपासणी एकदा करावी, कारण टर्नर सिंड्रोम हे त्याचं लपलेलं कारण असू शकतं. प्रकृतिजन्य उशीर मुलींमध्येही असतो, पण तो शिक्का मारण्याआधी ही शंका फिटलेली असावी.

या सगळ्यावर शिक्कामोर्तब करतो तो डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक साधा एक्स-रे. मुलांच्या हाडांना टोकाशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथे वाढ होते. वयानुसार त्या ठरलेल्या क्रमाने भरत जातात. ग्रॉयलिक आणि पायल यांच्या चित्रसंग्रहाशी हा एक्स-रे ताडून हाडांचं वय काढतात. पहिल्याच्या हाडांचं वय चौदा, म्हणजे जन्मतारखेइतकंच. दुसऱ्याचं बारा. बोटांच्या टोकांच्या पट्ट्या अजून मोकळ्या दिसतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी मुलगा वयात येताना दिसू लागतं ते मसुराएवढं हाड अजून उगवलेलं नाही.

आता मुद्द्याचा हिशेब. हाडांचं वय चौदा झालेल्या मुलाने आपल्या पूर्ण उंचीचा साधारण ९३ टक्के भाग गाठलेला असतो, बारा असेल तर साधारण ८३ टक्के. पहिल्या मुलाचे १४६ म्हणजे ९३ टक्के, तर पूर्ण उंची येते १५७. दुसऱ्याचे तेच १४६ म्हणजे ८३ टक्के, तर येते १७५ च्या आसपास. चौदाव्या वर्षी एकाच मापाची दोन मुलं, आणि मोठी झाल्यावर दोघांत अठरा सेंटीमीटरचा फरक. दोन्ही आकडे आई-वडिलांच्या पट्ट्यात बसतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. न बसते तर थांबून पुन्हा विचार करावा लागला असता.

दुसऱ्या मुलाच्या आकड्याबद्दल थोडं सावध राहिलेलं बरं. हाडांचं वय वाचणाऱ्या दोन डॉक्टरांत सहा महिन्यांचा फरक सहज पडतो. शिवाय उशिरा वाढणाऱ्या मुलांत हा अंदाज पुष्कळदा काही सेंटीमीटर जास्त येतो. १७५ सांगितले आणि १७१ वर थांबला, तर काही बिघडलं असं नाही. आकडा मुलासमोर वचन म्हणून ठेवू नये, एवढंच.

वडिलांची उंची सांगते तेवढीच त्यांच्या वाढीची वेळ सांगते. उशीर घराण्यात चालत येतो, आईकडूनही आणि वडिलांकडूनही. आईला पाळी कितव्या वर्षी आली, हे ती बरोबर सांगते. वडिलांना "तुम्ही कधी वयात आलात" विचारलं तर उत्तर येत नाही. त्यापेक्षा "दहावीच्या फोटोत कितव्या रांगेत होता", "पहिल्यांदा दाढी कधी केली", "कॉलेजात पॅन्टी आखूड झाल्या का" असे प्रश्न विचारावेत. आपल्या भागातली निम्मी कुटुंबं लातूर, बीड, धाराशिव, बुलढाण्याकडून आलेली, आजी-आजोबा गावाकडे. तपासणीच्या खोलीतूनच आजीला फोन लावला तर पाच मिनिटांत गोष्ट कळते. फक्त वडिलांच्या दाखल्यावर १ जून तारीख असेल, तर त्यावरून मोजलेलं वय जरा जपून घ्यावं. त्या तारखेला जन्मलेल्यांची संख्या महाराष्ट्रात किती आहे, हे वाचकांना सांगायला नको.

पालकांच्या उंचीला एक मर्यादा आहे, आणि ती इथल्या स्थलांतरित कुटुंबांत फार महत्त्वाची आहे. वडिलांचं बालपण अर्धपोटी गेलं असेल तर त्यांची १६० ही उंची वंशाची नसून परिस्थितीचीही असू शकते. त्यांचा मुलगा दोन वेळ नीट जेवून वाढला, तर हिशेबातल्या पट्ट्याच्या वर जाणं शक्य आहे. उलट मुलाचंही पोषण कमी असेल, तर "आमच्यात उंचीच नाही" हे वाक्य कुपोषणावर पांघरूण घालतं. आणि आई किंवा वडील दोघांपैकी एकच फार ठेंगणा असेल, किंवा हातपाय धडाच्या मानाने आखूड असतील, तर तो हाडांच्या वाढीचा आनुवंशिक दोष असू शकतो, तो मुलातही उतरलेला असू शकतो. अशा वेळी "घराण्यात आहे" हे उत्तर मानून थांबू नये, तिथून तपास सुरू करायचा असतो. दोन्ही प्रकार एकाच मुलात एकत्र असणंही नेहमीचं आहे. वडील बुटके आणि उशिरा वाढलेले, तर मुलगा दुहेरी मागे दिसतो.

प्रश्न नुसता फोटोतल्या रांगेचा असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी आठवी-नववीपासून सुरू होते. शिपाई पदासाठी मुलांना १६५ सेंटीमीटर लागतात. पहिल्या मुलाच्या घरी हे आजच कळलं, तर पळायच्या सरावात आणि अकॅडमीच्या फीमध्ये चार वर्षं घालायच्या आधी दुसरा रस्ता निवडता येतो. हे सांगणं कठीण असतं, पण अठराव्या वर्षी मोजपट्टीखाली कळण्यापेक्षा बरं. दुसऱ्या मुलाला मात्र कोणी उंची नाही म्हणून अकॅडमीतून परत पाठवलं, तर तो अन्याय ठरेल.

उपचारांचं सांगायचं तर पहिल्या मुलाला कुठलीही पावडर, लटकणं किंवा सप्लिमेंट उंच करणार नाही. वाढीच्या संप्रेरकाची रोजची इंजेक्शनं निरोगी ठेंगण्या मुलांना दिल्यास काही सेंटीमीटर मिळतात, पण ती बरीच वर्षं, लवकर सुरू करून आणि लाखांत खर्च करून. चौदाव्या वर्षी, झेप अर्धी झाल्यावर, तेही फारसं उरत नाही. या वयात कुणी इंजेक्शनांचा कोर्स विकत असेल तर किती सेंटीमीटर मिळतील आणि किती रुपयांत, हे कागदावर लिहून मागावं.

दुसऱ्या मुलाला थांबणं हाच बहुधा उपचार. तो फार खचला असेल, शाळेत जाणं टाळत असेल, तर चौदाव्या वर्षानंतर टेस्टोस्टेरॉनची लहान मात्रा महिन्यातून एकदा, तीन ते सहा महिने, देता येते. त्याने शरीराचं घड्याळ थोडं लवकर सुरू होतं, अंतिम उंची फारशी बदलत नाही. मात्रा मोठी झाली तर मात्र हाडांच्या पट्ट्या लवकर बंद होतात आणि उरलेली उंचीच जाते. जिममध्ये शरीर कमवायला मिळणारी स्टिरॉइड इंजेक्शनं याच कारणाने वाढत्या मुलाला सर्वांत महाग पडतात. आणखी एक तांत्रिक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. अशा उशिरा वयात येणाऱ्या मुलाची वाढीच्या संप्रेरकाची उत्तेजन चाचणी केली, तर संप्रेरक ठीक असूनही ती खोटीच नापास येऊ शकते. म्हणून आधी काही दिवस लैंगिक संप्रेरकाची छोटी मात्रा देऊन मग ती करतात. तसं केलं का, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे, कारण त्या निकालावरून अनेक वर्षांची इंजेक्शनं सुरू होतात.

हे सगळं सोपं होईल एका गोष्टीने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आणि खासगी शाळांच्या वार्षिक तपासणीत मुलांची उंची मोजली जाते. पण त्या नोंदी रजिस्टरमध्ये राहतात, घरी येतो तो "सामान्य" असा एक शेरा. वरच्या दोन मुलांचा फरक एका वर्षाच्या आकड्यात दिसला नसता, तो दिसला नऊ वर्षांच्या आकड्यांत. महापालिकेने आणि शाळांनी प्रगतीपुस्तकाच्या मागच्या पानावर तारखेसह उंचीचा रकाना घालावा आणि दर जूनला तो भरून घरी द्यावा. तोपर्यंत पालकांनी एक वही घ्यावी. पहिल्या पानावर आईची आणि वडिलांची मोजलेली उंची, आईला पाळी आली ते वय आणि वडिलांनी पहिल्यांदा दाढी केली ते वय. पुढच्या पानापासून दर सहा महिन्यांची मुलाची उंची, तारीख घालून. डॉक्टरकडे जाताना तीच वही बरोबर न्यावी, जुन्या रिपोर्टांची पिशवी नाही नेली तरी चालेल.